आठ अक्षरांचा तिळगूळ

‘तिळगूळ घ्या, गोड बोला’ ही ओळ नऊ अक्षरांची आहे. ‘तिळगूळ’ची चार, ‘घ्या’चं एक, ‘गोड’ची दोन आणि ‘बोला’ची दोन. हे सांगायचं कारण असं की, ऑफिसातल्या माणसांसाठी संक्रांतीच्या चार ओळी लिहायला बसलेला जवळपास प्रत्येक जण याच ओळीने सुरुवात करतो. मराठीत चार ओळींचा जो साचा सर्वांत सहज साधतो, तो मात्र आठ अक्षरांचा आहे. म्हणजे पहिल्याच ओळीत एक अक्षर जास्त होतं, दुसरी ओळ तिच्याशी जुळवून घ्यायला लांबते, तिसरी आणखी लांबते आणि चौथीत ‘हार्दिक शुभेच्छा’ येऊन सगळं संपतं.

संक्रांतीच्या सकाळी फोनवर येणारे बरेचसे संदेश असेच घडलेले असतात. ते वाचून कुणाला राग येत नाही आणि ते लक्षातही राहत नाहीत. टेबलाला टेबल लावून रोज आठ-नऊ तास बसणाऱ्या माणसाला आपण जे पाठवतो, तेच त्याला आणखी दहा जणांकडून आलेलं असतं. या लेखात चार ओळींच्या त्या छोट्या पद्याकडे मी जरा जवळून पाहणार आहे: ते कसं घडतं, कुठे अडतं आणि दुरुस्त कसं होतं.

हे मी शिकले साताऱ्याच्या एका बाईंकडून. एका बँकेच्या शाखेत त्यांनी आयुष्यभर नोकरी केली आणि तिथेही सगळे त्यांना ‘बाई’च म्हणत. दर संक्रांतीला शाखेतल्या प्रत्येकाच्या टेबलावर एक लहानसं पाकीट ठेवलेलं असे. त्यात काट्यांच्या हलव्याचे दहा-बारा दाणे आणि चार ओळींची चिठ्ठी. पूर्वी घरोघरी अशी पाकिटं पोस्टाने येत. छापलेल्या पद्याचं लहानसं कार्ड आणि कागदाच्या घडीत हलवा. बाईंनी ती रीत कचेरीत आणली, फक्त छापील पद्य बाजूला ठेवून प्रत्येकासाठी वेगळं लिहिलं. निवृत्तीनंतर पाकिटं थांबली, चिठ्ठ्या मोबाइलवर सुरू राहिल्या.

हलवा त्या घरीच करतात. मी गेले तेव्हा मंद शेगडीवर परात होती, परातीत तीळ आणि शेजारी पातळ पाकाची वाटी. चमचाभर पाक तिळांवर सोडायचा, बोटांनी तीळ सारखे फिरवत राहायचे, पाक सुकला की पुढचा चमचा. पाक एकदम जास्त पडला तर दाणे एकमेकांना चिकटून गोळा होतो, आच वाढली तर पाक करपून रंग जातो. हे काम दिवसचे दिवस चालतं, तेव्हा कुठे दाण्यावर काटा दिसू लागतो. हात परातीत ठेवूनच त्या बोलत होत्या. “चिठ्ठीचंही असंच आहे बघ. सगळी साखर पहिल्याच ओळीत ओतलीस की गोळा झालाच.”

आठ अक्षरांच्या साच्याला आपण अष्टाक्षरी म्हणतो. संतांचा लहान अभंगसुद्धा आठ-आठ अक्षरांच्या चरणांचा, त्यामुळे ही चाल मराठी कानात पिढ्यान्‌पिढ्या मुरलेली आहे. अक्षरं मोजायची रीत सोपी आहे. जोडाक्षर एकच धरायचं आणि काना, मात्रा, अनुस्वार, रफार वेगळे मोजायचे नाहीत. ‘शब्द’ दोन अक्षरी, ‘घ्या’ एक, ‘सुट्टी’ दोन. या हिशेबात काही शब्द फार महाग पडतात. ‘मकरसंक्रांतीच्या’ या एकाच शब्दाला सात अक्षरं लागतात, म्हणजे ओळ जवळजवळ संपलीच. ‘सहकाऱ्यांना’ पाच, ‘हार्दिक शुभेच्छा’ सहा. हे तीन घेतले की बत्तीसपैकी अठरा अक्षरं खर्ची पडली आणि समोरच्या माणसाविषयी एक अक्षरही लिहून झालं नाही. बाई यातला एकही शब्द वापरत नाहीत. सण कुठला ते हलव्याचा दाणा किंवा ‘तीळ’ हा शब्दच सांगतो, ते पुन्हा लिहिण्यात जागा का घालवायची, असं त्यांचं म्हणणं.

मोजणी जमली तरी एक अडचण उरते. ती समजावी म्हणून त्यांनी शाखेतल्या अकाउंट्सच्या टेबलासाठी लिहिलेल्या पद्याचा पहिला खर्डा दाखवला. जुन्या डायरीत तो खोडाखोडीसकट शिल्लक होता.

हिशेबनीस साहेब,
तिळगूळ घ्यावा जरा;
सगळी आकडेमोड
आज बाजूला सारा.

पहिली ओळ मोजली तर बरोबर आठ भरतात. तरी मोठ्याने म्हणताना जीभ अडखळते. कुठे अडखळते ते पाहायला बाईंनी टाळ्या वाजवायला लावल्या: दर दोन अक्षरांना एक, अशा ओळीला चार टाळ्या. ‘तिळ–गूळ–घ्यावा–जरा’ हे टाळीवर नीट बसतं. ‘हिशे–बनी–ससा–हेब’ म्हणून पाहा. शब्द मधेच तुटतो, आणि बँकेत ससा कुठून आला असं ऐकणाऱ्याला वाटतं. ‘हिशेब–नीस–साहेब’ अशी तीन-दोन-तीन अक्षरांची मांडणी अष्टाक्षरीत खटकते, ती यामुळे. चार-चार, दोन-दोन-दोन-दोन, किंवा तीन-तीन-दोन चालतं. म्हणूनच तिसरी ओळ, ‘सगळी आकडे–मोड’, सहज म्हटली जाते. नुसतं बोटांवर मोजणाऱ्याला हा फरक कळत नाही, मोठ्याने म्हणणाऱ्याला लगेच कळतो.

चौथी ओळ सातच अक्षरांची आहे. बाईंनी आधी तिथे ‘आज बाजूलाच सारा’ केलं होतं. संख्या भरली, पण त्या ‘च’ला ओळीत काही कामच नव्हतं. हौशी पद्यात ‘च’, ‘ना’, ‘हो’, ‘बरे’ ही भरतीची अक्षरं सारखी दिसतात. त्यांतलं एखादं बोलण्याच्या ओघात आलं तर खुलतं, ‘घ्या ना’ म्हणताना आग्रह ऐकू येतो. ते काढून टाकल्यावर अर्थात तसूभरही फरक पडत नसेल, तर ती नुसती भरती.

सगळ्यांत कच्चं होतं ते यमक. ‘जरा’ आणि ‘सारा’ यांत शेवटचा ‘रा’ तेवढा जुळतो, त्याच्या आधीचा स्वर जुळत नाही. एकात ‘अ’, दुसऱ्यात ‘आ’. मोठ्या कवितेत असं खपून जातं. चार ओळींच्या चिठ्ठीत मात्र यमकाची जागा एकच असते आणि वाचणाऱ्याचा सगळा कान तिथेच लागलेला असतो. लहान मुलं तिळगूळ देताना सांडण्याला भांडण जोडतात ते पाहा. सांडू, भांडू. शेवटचं अक्षर जुळतं, आधीचा स्वर जुळतो, वर अनुस्वारही जुळतो. म्हणून ते यमक एकदा ऐकलं की जन्मभर राहतं.

इथे बाईंनी खर्डा बाजूला ठेवला आणि उलट्या बाजूने सुरुवात केली. आधी यमकाची जोडी शोधायची, मग तिच्यापर्यंत पोचणारी ओळ. डायरीच्या शेवटच्या पानांवर त्यांनी जोड्यांची यादीच करून ठेवली आहे. ‘गूळ’ला मूळ, कूळ, धूळ, खूळ. ‘तीळ’ला शीळ, पीळ, खीळ. ‘गोड’ला जोड, तोड, खोड, फोड. ‘वडी’ला घडी, कडी, गडी. ‘संक्रांती’ला शांती, कांती, क्रांती, भ्रांती. यादी वाचताना एक गोष्ट आपोआप ध्यानात येते. ‘संक्रांती’ची यमकं सगळी भारदस्त, संस्कृत वळणाची आहेत. ती घेतली की पद्य भाषणाच्या सुरात जातं आणि ‘सुख-शांती’ला टाळता येत नाही. ‘गूळ’ची यमकं कोरडी, बरीचशी धुळीची आणि खुळाची. ‘वडी’ आणि ‘गोड’ यांची मात्र रोजच्या बोलण्यातली, हलकी. ऑफिसच्या चिठ्ठीला हीच बरी.

अकाउंट्सच्या माणसासाठी बाईंना ‘जोड’ सापडली. जोडणं म्हणजे बेरीज करणं, आणि दोन माणसं जोडणंही. ‘जोडा’ शेवटी ठेवायचं ठरल्यावर ‘थोडा’ आलं, तिळगूळ थोडाच द्यायचा असतो म्हणून. बेरजेच्या समोर वजाबाकी ठेवायची, आणि ‘वजाबाकी’ नेमका चार अक्षरी शब्द, अर्धी ओळ व्यापणारा. मग पद्य असं झालं:

हिशेबाची वही मिटा,
घ्या हा तिळगूळ थोडा;
वजाबाकी विसरून
शब्द गोड एक जोडा.

यात ‘तिळगूळ घ्या’ आणि ‘गोड बोला’ दोन्ही आहेत, पण एका ओळीत कोंबलेले नाहीत. देणं दुसऱ्या ओळीत, बोलणं चौथ्या. नऊ अक्षरांची अडचण बाई बहुतेक वेळा अशीच सोडवतात. आणि हे पद्य दुसऱ्या कुणाला पाठवता येत नाही. शिपाईमामांना ‘वजाबाकी विसरून’ म्हटलं तर त्यांना काहीच वाटणार नाही. बाईंचा नियमच आहे: चारांतली निदान एक ओळ अशी हवी, जी शेजारच्या टेबलावर नेऊन ठेवली तर तिथे बसणार नाही.

मामांसाठीच्या ओळी मला सर्वांत आवडल्या.

रोज देता चहा, मामा,
आज बसा दोन घडी;
तुमच्या त्या गोडीपुढे
काय माझी तीळवडी!

इथे घडी-वडीचं यमक चोख आहे, पण पद्य उभं राहतं ते दुसऱ्या ओळीवर. रोज उभं राहून सगळ्यांना चहा देणाऱ्या माणसाला कुणीतरी ‘बसा’ म्हणतंय.

ऑफिसात मानाची गणितं घरच्यापेक्षा वेगळी असतात, आणि पद्य फसतं ते पुष्कळदा तिथेच. घरी लहानाने मोठ्याला तिळगूळ द्यायचा, वाकून नमस्कार करायचा आणि मोठ्याने उलट हातावर ठेवायचा. कचेरीत साहेब तिशीचा असतो आणि क्लार्क निवृत्तीला आलेला. अशा वेळी पदाकडे न पाहता दोघांनीही एकमेकांना ‘घ्या’ म्हणावं, हे उत्तम. ‘घे’ फक्त ज्याच्याशी रोज अरे-तुरे चालतं त्याला, आणि तेही एकट्याला पाठवताना. ग्रुपवर ‘घे’ लिहिलं की बाकीच्यांना बाहेर ठेवल्यासारखं होतं.

साहेबांना लिहिताना आणखी एक धोका. पद्यात नकळत मागणं शिरतं, पगारवाढीचं किंवा रजेचं. वर्षाकाठी एकदा तरी अशी विनोदी चारोळी कुठल्या ना कुठल्या ग्रुपवर फिरते, आणि साहेबाला हसावं की उत्तर द्यावं ते कळत नाही. दुसऱ्या टोकाला खुशामत. बाईंचा मार्ग मधला आहे: साहेबांनी खरंच केलेली एक गोष्ट सांगायची आणि थांबायचं. त्यांच्या एका मॅनेजरांसाठी त्यांनी लिहिलं होतं:

आवाज न चढविता
शिकविले तुम्ही काम;
तिळगूळ घ्यावा सर,
त्या गोडीला हा सलाम.

हे जो साहेब आवाज चढवतो त्याला पाठवलं तर टोमणा होईल. पाठवण्याआधी एवढंच पाहायचं, की ओळ खरी आहे का.

अबोल्यावर लिहिणं सर्वांत अवघड. ‘झालं गेलं विसरून जा’ ही संक्रांतीची नेहमीची भाषा, पण ज्याच्याशी मागच्याच आठवड्यात मीटिंगमध्ये खटका उडाला त्याला हेच लिहिलं, तर आपण ते विसरलेलो नाही असंच त्याला कळतं. चारचौघांच्या ग्रुपवर तर ज्यांना भांडण माहीत नव्हतं त्यांनाही ते कळतं. बाईंनी अशा वेळी माणसांना बाजूला ठेवून तिळालाच बोलायला लावलं. कच्चा तीळ चावून पाहिला तर मागे किंचित कडसर चव राहते, गूळ ती झाकतो.

तीळ कधी कडू लागे,
गूळ आला सोबतीला;
तुझ्या-माझ्या बोलण्यात
तोच येवो संगतीला.

भांडणाचा उल्लेख नाही, माफी नाही, आणि कडू कोण तेही सांगितलेलं नाही. ज्याला समजायचं त्याला समजतं. हे मात्र एकट्यालाच पाठवायचं. ‘तुझ्या-माझ्या’ ग्रुपवर शोभत नाही.

टाळायच्या गोष्टींत एक बाब नव्या लिहिणाऱ्यांच्या ध्यानात येत नाही. एखाद्यावर ‘संक्रांत येणं’ हे मराठीत संकट येणं. ‘आली संक्रांत दाराशी’ चालतं, पण ‘आली संक्रांत तुमच्यावर’ असं यमकाच्या ओढीने लिहून गेलं की शुभेच्छेचा शाप होतो, आणि कपातीचे दिवस असतील तर तो फारच बोचतो. हळदीकुंकू, वाण, सौभाग्य हे शब्दही बाई कचेरीच्या पद्यात आणत नाहीत. त्यांच्याच शाखेत नवरा गमावलेल्या दोघी होत्या. तीळ आणि गूळ मात्र सगळ्यांचे.

बाईंची भाची हिंजवडीत एका आयटी कंपनीत काम करते. तिच्या टीममध्ये निम्मे जण मराठी नाहीत आणि मराठी असलेल्यांनाही वही, खतावणी हे शब्द आजोबांच्या काळातले वाटतात. तिने मावशीकडून टाळ्यांची युक्ती घेतली आणि स्वतःच लिहिलं:

लॅपटॉप मिटा जरा,
मीटिंगला आज सुट्टी;
तीळ-गूळ यांच्याजोगी
आपली ही राहो गट्टी.

परभाषेतले शब्द अष्टाक्षरीत जपून घ्यावे लागतात. कागदावर ‘लॅपटॉप’ची अक्षरं चार आहेत, पण बोलताना आपण दोनच ठोके देतो. ते दोन ठोके टाळीवर बरोबर बसतात, ‘लॅप–टॉप–मिटा–जरा’, म्हणून ओळ तरली. ‘प्रेझेंटेशन’ घेऊन पाहा. ‘प्रेझें–टेश–न’, शेवटचा ‘न’ एकटा लोंबकळतो आणि टाळी चुकते. जो शब्द दोन-दोनच्या ठोक्यांत तुटत नाही, तो ओळीच्या शेवटी तरी नकोच.

तिच्या टीममधल्या बेंगळुरूच्या मुलीला या पद्यातलं फारसं कळलं नाही, पण सण अगदी ओळखीचा निघाला. कर्नाटकात त्याच दिवशी ‘एळ्ळु-बेल्ला’ वाटतात, म्हणजे तीळ-गूळच, सोबत खोबरं आणि शेंगदाणे. देताना म्हणतात ते शब्दही आपल्याच अर्थाचे, एळ्ळु-बेल्ला खाऊन चांगलं बोला. तेव्हापासून भाची पद्याखाली एक ओळ कन्नडमधली, देवनागरीत लिहून जोडते. तमिळ सहकाऱ्याला पोंगलची, पंजाबी सहकाऱ्याला लोहडीची शुभेच्छा ती वेगळी देते. त्यांच्या सणावर आपला तिळगूळ चिकटवत नाही, आणि ते मला योग्य वाटतं. लोहडी तर आदल्या दिवशीच होऊन जाते, तिला संक्रांतीच्या सकाळी शुभेच्छा देण्यात अर्थ नाही.

पाठवताना ज्या चुका होतात त्या किरकोळ, पण पद्य बिघडवणाऱ्या. फोनवर सूचनेत पहिली ओळच आधी दिसते, म्हणून ज्याला पाठवायचं त्याच्याशी नातं सांगणारा शब्द तिथे असावा: ‘मामा’, ‘वही’, ‘लॅपटॉप’. ज्यांच्या फोनवर एंटर दाबलं की संदेश जातो अशी सोय चालू असते, त्यांच्या चार ओळी चार वेगळे संदेश होऊन जातात आणि यमकाच्या मधे कुणाचा तरी अंगठा येऊन पडतो. पद्य आधी टिपणवहीत लिहून तिथून उचलून आणलं की हे टळतं. ‘तिळगूळ’मधला ‘गू’ दीर्घ आणि ‘तिळगुळाचा’ म्हणताना ‘गु’ ऱ्हस्व, हेही एकदा पाहून घ्यावं. फोन ‘तिळगुळ’ सुचवतो आणि आपण मान्य करून टाकतो.

वेळेची घाई मात्र करू नये. सगळ्यांचे संदेश संक्रांतीच्या सकाळी येऊन एकमेकांखाली दबतात. किंक्रांतीचा दिवस लोक टाळतात, पण त्यानंतर रथसप्तमीपर्यंत तिळगूळ देता येतो, आणि हा काळ दर वर्षी सारखा नसतो. संक्रांत सूर्यावर ठरते, रथसप्तमी माघ शुद्ध सप्तमीला, म्हणजे चंद्रावर. २०२४ साली संक्रांत १५ जानेवारीला होती आणि रथसप्तमी थेट १६ फेब्रुवारीला, महिन्याहून जास्त अवधी मिळाला. २०२५मध्ये १४ जानेवारी ते ४ फेब्रुवारी, तीनच आठवडे. त्यामुळे जानेवारीत कॅलेंडर उघडून आधी रथसप्तमी पाहायची. रजेवर असलेले, बदली होऊन गेलेले, आजारी पडलेले सहकारी यांच्यासाठी बाईंचं एक पद्य तयार असतं, आणि तेवढं एकच पद्य त्या अनेकांना पाठवतात.

रजेवर होता तुम्ही,
गूळ ठेवला राखून;
रथसप्तमी अजून
आली नाही, घ्या हसून.

यात तीन ओळींना यमक आहे, पहिलीला नाही. मी विचारलं, पहिलीही जुळवता आली असती का? बाईंनी परातीतला हात झटकला आणि म्हणाल्या, “आली असती. पण मग ‘रजेवर होता तुम्ही’ हे साधं वाक्य मोडावं लागलं असतं. माणूस नव्हता, हे आधी साधेपणी सांगू दे.”